तीन दिवस आधी भरूनही एक महिना मागे: दोन पीपीएफ खात्यांचा ताळा

एप्रिल २०२५ च्या २ तारखेला एक भाऊ आणि त्याची थोरली बहीण आपापल्या पीपीएफ खात्यांची विवरणपत्रे घेऊन माझ्याकडे आले. बहीण सांगलीतल्या एका खासगी रुग्णालयात औषधनिर्माती आहे, तर भाऊ पुण्याच्या एका कंपनीत नोकरी करतो. दोघांनी एप्रिल २०२० मध्ये एकाच बँकेत ऑनलाइन खाती उघडली, दोघांनी दरमहा १२,५०० रुपये याप्रमाणे पाच आर्थिक वर्षांत साठ हप्ते भरले आणि एकही हप्ता चुकवला नाही. प्रत्येकाची स्वतःची रक्कम ७,५०,००० रुपये झाली. तरीही ३१ मार्च २०२५ चे व्याज जमा झाल्यावर बहिणीच्या खात्यात सुमारे ८,९७,५७५ रुपये दिसत होते आणि भावाच्या खात्यात सुमारे ८,९२,४६१. ५,११४ रुपयांचा हा फरक बँकेच्या चुकीमुळे पडला आहे, अशी भावाची खात्री झाली होती.

त्याचे म्हणणे वरवर पाहता बिनतोड होते. त्याचा पगार महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी होतो आणि तो त्याच संध्याकाळी हप्ता भरतो. बहिणीचा पगार १ तारखेला होतो आणि ती ३ तारखेला भरते. "मी ३० तारखेला भरतो, ताई ३ तारखेला भरते. म्हणजे माझे पैसे दर वेळी तीन दिवस आधी खात्यात जातात. मग व्याज तिला जास्त कसे?" हा प्रश्न त्याने शाखेतही विचारला होता. तिथे त्याला "पाच तारखेच्या आत भरत जा" एवढेच उत्तर मिळाले. ते उत्तर बरोबर होते, पण त्याच्या प्रश्नाचे समाधान त्यातून होत नव्हते. ३० एप्रिल ही तारीख ३ मेच्या आधीच येते, त्यामुळे ५ मेच्या आत आपण भरलेलेच आहे, असे त्याला वाटत होते आणि या एका हप्त्यापुरते ते खरेही होते.

पीपीएफमध्ये महिन्याच्या ५ तारखेचा दिवस संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचे व्याज धरले जाते. हे व्याज महिन्यामहिन्याला मोजले जाते, पण खात्यात मात्र ३१ मार्चला एकदाच जमा होते. याचा अर्थ चक्रवाढ वर्षातून एकदाच होते आणि वर्षाच्या आत सारा हिशोब सरळव्याजाचा असतो. म्हणून ३ एप्रिलला भरलेल्या रकमेला एप्रिलचे पूर्ण व्याज मिळते, तर ३० एप्रिलला भरलेल्या रकमेला एप्रिलचे काहीच मिळत नाही आणि तिचे व्याज मेपासून सुरू होते. या नियमात ६ तारीख आणि ३० तारीख यांच्यात तिळमात्र भेद नाही. ७ तारखेला भरणारा आणि महिनाअखेरीला भरणारा व्याजाच्या दृष्टीने एकाच रांगेत उभे असतात. पाठ्यपुस्तकात ज्यांना महिन्याच्या सुरुवातीचा हप्ता आणि महिनाअखेरचा हप्ता म्हणतात, त्यांच्यातली सीमारेषा पीपीएफमध्ये ५ तारखेवर आखलेली आहे.

एका हप्त्याच्या एका महिन्याच्या विलंबाची किंमत आधी पाहू. एप्रिल २०२० पासून या पाचही वर्षांत पीपीएफचा दर ७.१ टक्के राहिला, त्यामुळे हिशोब सोपा झाला आहे. १२,५०० रुपयांवर ७.१ टक्क्यांनी एका महिन्याचे व्याज ७३ रुपये ९६ पैसे, म्हणजे ७४ रुपयेच म्हणा. बारा हप्त्यांना प्रत्येकी एक महिना कमी मिळाला की वर्षाला ८८७ रुपये ५० पैसे कमी होतात. पहिल्या वर्षाच्या नोंदी पाहिल्या तर नेमके हेच दिसते. बहिणीच्या पहिल्या हप्त्याला बारा महिने, दुसऱ्याला अकरा आणि अशा क्रमाने शेवटच्या मार्चच्या हप्त्याला एक महिना व्याज मिळाले. हे सारे मिळून अठ्ठ्याहत्तर हप्ता-महिने होतात आणि त्यांचे व्याज ५,७६९ रुपये येते. भावाच्या पहिल्या हप्त्याला अकरा महिने आणि शेवटच्या हप्त्याला शून्य महिने मिळाले, म्हणजे सहासष्ट हप्ता-महिने आणि ४,८८१ रुपये. दोन्ही विवरणपत्रांत मार्च २०२१ च्या व्याजाच्या नोंदी याच होत्या, त्यामुळे बँकेच्या चुकीची शंका पहिल्याच ओळीत मिटली. असा वाद समोर आला की मी आधी पहिल्या वर्षाचे व्याज तपासतो. त्या वर्षात मागची शिल्लक नसते, म्हणून हप्त्यांच्या तारखांचा परिणाम उघडा दिसतो. पुढच्या वर्षांत तो मोठ्या शिल्लकेवरच्या व्याजाखाली झाकला जातो.

पाच वर्षे दरवर्षी ८८७ रुपये ५० पैसे धरले तर ४,४३७ रुपये ५० पैसे होतात. उरलेले सुमारे ६७६ रुपये म्हणजे आधीच्या वर्षी कमी पडलेल्या व्याजावर पुढे न मिळालेले व्याज. वर्षागणिक फरक ८८८, ९५१, १,०१८, १,०९० आणि १,१६८ असा वाढत गेला आहे. पूर्णांकामुळे एखाद्या रुपयाचा फेर पडतो, तो सोडून द्यावा.

हा हिशोब भावाला पटला, पण त्याचा मूळ प्रश्न सुटला नाही. फरक किती, हे त्याला कळले. आपण तीन दिवस आधी भरतो तरी मागे का, हे कळले नव्हते. त्याचे उत्तर प्रत्येक हप्त्याचे व्याज मोजून मिळत नाही. त्यासाठी हप्त्यांच्या दोन रांगा एकमेकींशेजारी मांडून पाहाव्या लागतात, म्हणून मी तेच केले.

भावाने ३० एप्रिल २०२० ला भरलेला हप्ता आणि बहिणीने मेच्या ३ तारखेला भरलेला हप्ता यांची जोडी लावली. दोन्हींचे व्याज मे २०२० पासून सुरू होते, म्हणून व्याजाच्या दृष्टीने ते तंतोतंत सारखे आहेत. मग भावाचा मेअखेरचा हप्ता आणि बहिणीचा जूनचा हप्ता यांची जोडी लावली. महिनाअखेर शनिवारी किंवा रविवारी आली की त्याचा पगार आणि हप्ता एकदोन दिवस अलीकडे सरकतो, पण तरीही तो ५ तारखेनंतरचाच राहतो आणि व्याज पुढच्या महिन्यापासूनच धरले जाते. अशा जोड्या लावत फेब्रुवारी २०२५ अखेरपर्यंत गेलो. भावाचा फेब्रुवारीअखेरचा हप्ता बहिणीच्या ३ मार्च २०२५ च्या हप्त्याशी जुळला. एकोणसाठ जोड्या झाल्या आणि एकाही जोडीत दोघांच्या व्याजात एका पैशाचा फरक निघाला नाही.

जोडीविना दोनच हप्ते उरले. एक बहिणीचा, ३ एप्रिल २०२० चा, म्हणजे अगदी पहिला. दुसरा भावाचा, ३१ मार्च २०२५ चा, म्हणजे अगदी शेवटचा. बहिणीचा तो एकटा हप्ता पूर्ण पाच वर्षे खात्यात राहिला आणि ७.१ टक्क्यांनी पाच वेळा चक्रवाढ होऊन १७,६१४ रुपयांचा झाला. भावाचा तो एकटा हप्ता दोन दिवसांपूर्वीच भरलेला, त्यामुळे त्याचे १२,५०० चे १२,५०० च राहिले. वजाबाकी ५,११४ रुपये.

साठ हप्त्यांच्या विलंबाचे व्याज आणि त्यावरचे व्याज वेगवेगळे मोजून जी रक्कम आली, तीच रक्कम एका हप्त्याच्या पाच वर्षांच्या व्याजातून आली. हा योगायोग नाही. सारखे हप्ते, सारखे अंतर आणि सारखा दर असला की सुरुवातीला भरणाऱ्याची रांग आणि अखेरीला भरणाऱ्याची रांग ही मुळात एकच रांग असते, फक्त एका घराने सरकलेली. मधले सगळे हप्ते एकमेकांना छेदून जातात आणि दोन टोके उरतात. म्हणून अंतिम रकमेतला सगळा फरक म्हणजे पहिल्या हप्त्याने पूर्ण मुदतीत मिळवलेले व्याज. मला हा मार्ग सूत्रापेक्षा अधिक पटतो, कारण मुदतीत दर बदलला तरी तो मोडत नाही. सरकार पीपीएफचा दर दर तिमाहीला जाहीर करते. पुढे तो वाढला किंवा घटला तरी फरक काढण्यासाठी एवढेच विचारायचे, की अगदी पहिल्या दिवशी ठेवलेले १२,५०० रुपये आज किती झाले असते?

इथे भावाच्या मनातली गाठ सुटली. तो बहिणीच्या तीन दिवस पुढे नव्हता, तिच्या सत्तावीस दिवस मागे होता. त्याने तुलना करताना आपला एप्रिलचा हप्ता तिच्या मेच्या हप्त्याशी लावला होता, आणि त्या जोडीत तो खरोखरच तीन दिवस आधी होता. पण तिचा एक हप्ता त्याआधीच खात्यात गेलेला होता आणि तो या तुलनेत कुठेच येत नव्हता. शिवाय त्या तीन दिवसांच्या घाईचा त्याला काडीचाही उपयोग झाला नाही, कारण ३० तारखेपासून ५ तारखेपर्यंतचे दिवस पीपीएफच्या हिशोबात धरलेच जात नाहीत. उलट ते पैसे बचत खात्यातच राहिले असते, तर ३ टक्के दराने पाच दिवसांचे पाच रुपये तरी मिळाले असते.

शिस्तीचा प्रश्न इथे नव्हताच, हे मी मुद्दाम सांगितले. भावाने एकदाही उशीर केला नाही. त्याने सुरुवात एक महिना उशिरा केली आणि तो एक महिना साठही हप्त्यांबरोबर चालत राहिला.

भावाने येताना आणखी एक कागद आणला होता. त्याने स्प्रेडशीटवर स्वतः हिशोब केला होता आणि बँक चुकली आहे हा त्याचा समज त्यातूनच पक्का झाला होता. त्याचे सूत्र असे होते:

```
=FV(7.1%/12, 60, -12500, 0, 0)
```

यातले शेवटचे शून्य म्हणजे हप्ता महिन्याच्या अखेरीस. त्याच्या जागी १ लिहिला की हप्ता महिन्याच्या सुरुवातीस धरला जातो. अनेक जण ती जागा रिकामी सोडतात. मग स्प्रेडशीट ती शून्यच समजते, आणि सुरुवातीला हप्ता भरणाऱ्या माणसाला आपली रक्कम कमी दिसते. भावाने मात्र तिथे शून्य योग्यच लिहिले होते. उत्तर आले होते ८,९७,२३१ रुपये. खात्यात होते ८,९२,४६१. म्हणून त्याला ४,७७० रुपये बँकेने कमी दिले असे वाटले, आणि बहिणीची ८,९७,५७५ ही शिल्लक आपल्या उत्तराच्या इतकी जवळ पाहून त्याची खात्रीच झाली, की तिला बरोबर व्याज मिळाले आणि आपल्याला नाही.

चूक सूत्राच्या पहिल्या जागेत होती. वार्षिक दराला बाराने भागून साठ महिने लिहिले, की स्प्रेडशीट दर महिन्याला व्याज मुद्दलात मिळवते, म्हणजे मासिक चक्रवाढ करते. पीपीएफमध्ये चक्रवाढ वर्षातून एकदाच आहे. मासिक चक्रवाढीने पाच वर्षांत जे जास्तीचे व्याज दिसते, ते योगायोगाने एका महिन्याच्या विलंबाच्या नुकसानीच्या आसपास आले, आणि दोन निरनिराळ्या गोष्टींची एकमेकींत गल्लत झाली. त्याच सूत्रात शेवटी १ लिहिले तर ९,०२,५४० रुपये येतात. तेवढी रक्कम बहिणीच्याही खात्यात नाही. ही तपासणी त्याने केली असती, तर सूत्रच चुकीचे आहे हे त्याच्या तिथेच लक्षात आले असते.

पीपीएफसाठी हिशोब दोन पायऱ्यांत करावा लागतो. आधी एका वर्षाचे हप्ते आणि त्यांचे सरळव्याज मिळून वर्षअखेर किती होतात ते काढायचे. बहिणीसाठी ते १,५५,७६८ रुपये ७५ पैसे आणि भावासाठी १,५४,८८१ रुपये २५ पैसे. मग ती रक्कम दरवर्षी ३१ मार्चला एकदा जमा होते असे समजून वार्षिक दराने पुढे न्यायचे:

```
=FV(7.1%, 5, -155768.75)
=FV(7.1%, 5, -154881.25)
```

पहिल्या ओळीचे उत्तर ८,९७,५७५ आणि दुसरीचे ८,९२,४६१ येते. खात्यांशी ताळा जुळला.

पाठ्यपुस्तकात सुरुवातीच्या आणि अखेरच्या हप्त्यांचे नाते एका ओळीत दिलेले असते. अखेरीला भरलेल्या हप्त्यांच्या अंतिम रकमेत तिच्यावरचे एका कालखंडाचे व्याज मिळवले, की सुरुवातीला भरलेल्या हप्त्यांची रक्कम मिळते. एका कालखंडाच्या व्याजदराला i आणि अंतिम रकमेला S म्हटले तर

```
S(सुरुवात) = S(अखेर) × (1 + i)
```

हे नाते जितक्या वेळा हप्ता, तितक्याच वेळा चक्रवाढ असेल तेव्हा अचूक असते. पीपीएफमध्ये हप्ते मासिक आणि चक्रवाढ वार्षिक असल्यामुळे ते थोडे सैल पडते. मासिक दर ०.५९१७ टक्के आहे आणि या दोन खात्यांतला प्रत्यक्ष फरक भावाच्या रकमेच्या ०.५७३ टक्के आहे. सूत्र पाठ केलेल्या माणसाला इथे शंभर-दोनशे रुपयांची विसंगती दिसेल आणि तो आणखी एक तक्रार लिहील. दोन टोकांच्या हप्त्यांची पद्धत मात्र इथेही पैशापर्यंत बरोबर उतरते.

हाच मुद्दा सगळीकडे लावता येतो असे मात्र नाही. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत खाते महिन्याच्या १५ तारखेच्या आत उघडले असेल तर पुढचे हप्ते दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात आणि नंतर उघडले असेल तर महिनाअखेरपर्यंत. त्या मुदतीच्या आत २ तारखेला भरले काय किंवा १४ तारखेला भरले काय, मुदतीअखेरची रक्कम ठरलेलीच असते. तिथे हप्ता लवकर भरण्यासाठी धावपळ करून हाती काही लागत नाही. म्हणून तारखेचा विचार करण्याआधी त्या योजनेत व्याज कोणत्या दिवसाच्या शिल्लकेवर धरतात, हे विचारावे. महिन्याच्या सुरुवातीला भरलेले नेहमीच चांगले, हे वाक्य तेवढ्याने पुरे होत नाही.

आता पुढचा प्रश्न होता की भावाने काय करावे. त्याला सुचलेला पहिला उपाय असा होता, की यापुढे ३० तारखेऐवजी तीन-चार दिवस थांबून पुढच्या महिन्याच्या ३ तारखेला भरावे, म्हणजे आपणही ताईसारखेच ५ तारखेच्या आत भरणारे होऊ. शाखेतल्या उत्तराचा त्याने हाच अर्थ घेतला होता आणि असा अर्थ घेणारे बरेच जण मी पाहिले आहेत. पण वरच्या जोड्या पाहिल्या की कळते, ३० एप्रिलचा हप्ता ३ मेला ढकलला तर व्याज एक पैसाही वाढत नाही. मेपासूनच सुरू होणारे व्याज मेपासूनच सुरू होते. पासबुकात तारखा तेवढ्या चांगल्या दिसू लागतात.

उलट त्यात एक तोटा दडलेला आहे. हप्ता पुढे ढकलताना एका वर्षाचा मार्चचा हप्ता ३१ मार्चऐवजी ३ एप्रिलला जातो आणि तो पुढच्या आर्थिक वर्षात मोजला जातो. त्या वर्षात अकराच हप्ते, म्हणजे १,३७,५०० रुपये जमा होतात. पीपीएफमध्ये एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त १,५०,००० रुपये भरता येतात आणि मर्यादेपेक्षा जास्त भरलेल्या रकमेवर व्याज मिळत नाही. त्यामुळे त्या वर्षाचे राहिलेले १२,५०० पुढच्या वर्षी भरून काढता येत नाहीत, ती जागा कायमची गेली. जुन्या करप्रणालीत राहून या रकमेची वजावट घेणाऱ्याची त्या वर्षाची वजावटही तेवढ्याने घटते.

खरा उपाय हप्ता अलीकडे आणण्याचा होता आणि त्यासाठी फक्त एकदाच दोन हप्ते जवळजवळ भरावे लागतात. ३१ मार्च २०२५ चा हप्ता भरून झालेला होता. पुढचा हप्ता ३० एप्रिलच्या पगाराची वाट न पाहता एप्रिलच्या ५ तारखेच्या आत भरायचा आणि त्यानंतर ३० एप्रिलच्या पगारातला हप्ता ५ मेच्या आत, मेअखेरच्या पगारातला ५ जूनच्या आत, असे चालू ठेवायचे. प्रत्येक आर्थिक वर्षात हप्ते बाराच राहतात, मर्यादा ओलांडली जात नाही आणि महिन्याचे अंदाजपत्रकही बदलत नाही. एकदाच १२,५०० रुपये पगाराबाहेरून, म्हणजे शिल्लकीतून आणावे लागतात. तेही जास्तीचे नव्हेत. मुदतीच्या शेवटच्या महिन्यात त्याचा हप्ता ३१ मार्चला भरायचा उरणार नाही, तेव्हा ते परत मिळाल्यासारखेच आहेत. हा बदल एप्रिलमध्येच करावा लागतो असेही नाही. कोणत्याही महिन्यात करता येतो, पण जितके महिने थांबावे तितके दर महिन्याला ७४ रुपये, आणि त्यांवरचे पुढचे व्याज, हातचे जाते.

याचा मुदतीअखेर काय परिणाम होईल, तेही मांडून पाहिले. पीपीएफची पंधरा वर्षे खाते उघडलेल्या दिवसापासून मोजत नाहीत. ज्या आर्थिक वर्षात खाते उघडले, ते वर्ष संपल्यापासून मोजतात. एप्रिल २०२० मध्ये उघडलेल्या या खात्यांची मुदत म्हणून ३१ मार्च २०३६ ला संपते आणि हप्ते भरायला सोळा आर्थिक वर्षे मिळतात. दर शेवटपर्यंत ७.१ टक्केच राहिला असे धरले आणि भावाने जुनीच पद्धत चालू ठेवली, तर बहिणीचे सुमारे ४३,८०,४३५ रुपये होतील आणि भावाचे ४३,५५,४७७. फरक २४,९५८ रुपये. हा आकडाही त्याच मार्गाने तपासता येतो. सोळा वर्षांत ७.१ टक्क्यांनी १२,५०० चे जवळजवळ तिप्पट, ३७,४५८ होतात आणि त्यातून १२,५०० वजा केले की हेच उत्तर येते.

चव्वेचाळीस लाखांच्या आसपासच्या रकमेत पंचवीस हजार म्हणजे अर्ध्या टक्क्याहून थोडेसेच जास्त, आणि एवढ्यासाठी बहीण-भावांनी एकमेकांकडे संशयाने पाहू नये, असे माझे मत मी बोलून दाखवले. बहिणीलाही तिचा हिशोब दाखवला. तिने दरवर्षी ५ एप्रिलच्या आत दीड लाख रुपये एकरकमी भरले असते, तर पाच वर्षांत ९,२५,७०१ रुपये झाले असते, म्हणजे आताच्यापेक्षा २८,१२७ रुपये जास्त. भावाच्या तुलनेत ती पुढे होती, पण वर्षाच्या सुरुवातीच्या तुलनेत तीही मागेच होती. मात्र पगारावर चालणाऱ्या घरात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दीड लाख रोख कुठून आणायचे, हा तिचा प्रश्न रास्त होता. त्यासाठी कर्ज काढणे तर निव्वळ तोट्याचे.

तारखांबाबत दोन गोष्टी सांगून ठेवल्या. बँकेला दिलेली स्थायी सूचना ५ तारखेची ठेवू नये, २ किंवा ३ तारखेची ठेवावी, कारण ५ तारखेला रविवार किंवा सुट्टी आली आणि व्यवहार पुढच्या कामाच्या दिवसावर गेला, तर त्या हप्त्याचा एक महिना जातो. जानेवारी २०२५ ची ५ तारीख रविवारीच होती. दुसरे असे की पैसे बचत खात्यातून कधी वळते झाले हे पाहून थांबू नये, पीपीएफच्या विवरणपत्रात जमेची तारीख कोणती पडली आहे ते पाहावे. एखाद्या वर्षाचे व्याज अपेक्षेपेक्षा ७४ किंवा १४८ रुपयांनी कमी दिसले, तर एक किंवा दोन हप्ते सीमारेषेपलीकडे गेले आहेत असे समजावे आणि त्या वर्षाच्या तारखा तपासाव्यात. एखाद्याच महिन्याच्या घसरणीचे नुकसान फार नसते, पण स्थायी सूचनाच चुकीच्या तारखेची असेल तर तेच दर महिन्याला होत राहते.

भावाने ४ एप्रिल २०२५ ला, म्हणजे आदल्या हप्त्यानंतर चौथ्या दिवशी, आणखी १२,५०० रुपये भरले. मागच्या पाच वर्षांचा ५,११४ रुपयांचा फरक आता भरून निघणार नाही. तो खात्याबरोबर वाढत जाऊन मार्च २०३६ ला सुमारे १०,८७५ रुपये होईल. पण २४,९५८ होणार नाही. मधले १४,०८२ रुपये म्हणजे ४ एप्रिलला लवकर भरलेल्या त्या एका हप्त्याचे अकरा वर्षांचे व्याज आहे.